रेषेच्या वर नफा, रेषेच्या खाली कर्ज : एबिटा कसा वाचावा

व्होडाफोन आयडियाचे २०२३-२४ या आर्थिक वर्षाचे निकाल समोर ठेवा. महसूल सुमारे ४२,६५० कोटी रुपये. एबिटा सुमारे १७,१०० कोटी, म्हणजे शंभर रुपये जमा झाले तर त्यातले चाळीस शिल्लक. हे प्रमाण कुठल्याही धंद्यात हेवा वाटावा असे आहे. आणि त्याच वर्षाचा, त्याच कंपनीचा निव्वळ तोटा ३१,२३८ कोटी रुपये.

दोन्ही आकडे खरे आहेत. हिशेब तपासनिसांनी पाहिलेल्या एकाच पत्रकातून दोन्ही निघतात आणि कंपनीने काही लपवलेलेही नाही. फरक पडतो तो नफा-तोटा पत्रकात आपण रेषा कुठे मारली आणि बेरीज-वजाबाकी कुठे थांबवली यामुळे. एबिटा ही अशीच मध्येच मारलेली एक रेषा आहे. ती तिथे मारायला सबळ कारण होते, आजही आहे. पण ज्या कंपनीचा बहुतेक खर्च त्या रेषेच्या खाली जाऊन बसतो, तिचा चेहरा या आरशात उजळ दिसतो, आणि डोक्यावर कर्ज जितके मोठे तितका उजळ.

आधी रेषा नेमकी कुठे असते ते पाहू. एबिटा म्हणजे व्याज, कर, घसारा आणि अमूर्त मालमत्तेचे निर्लेखन या चार गोष्टी वजा करण्यापूर्वीची कमाई. घसारा यंत्रे, इमारती, मनोरे अशा दिसणाऱ्या वस्तूंचा. निर्लेखन परवाने, स्पेक्ट्रम, सॉफ्टवेअर अशा न दिसणाऱ्या हक्कांचे. भारतीय कंपन्यांच्या तिमाही निकालाच्या तक्त्यात एबिटा नावाची ओळ बहुधा नसते. इंड-एएस या आपल्या लेखामानकांत त्याची व्याख्याच नाही, म्हणून तो आपल्यालाच काढावा लागतो. अपवादात्मक बाबी आणि कर यांच्या आधीचा नफा घ्यायचा, त्यात ‘वित्तीय खर्च’ आणि ‘घसारा व निर्लेखन’ या दोन ओळी परत मिळवायच्या, आणि ‘इतर उत्पन्न’ वजा करायचे. ही शेवटची वजाबाकी पुष्कळ जण विसरतात. मुदतठेवीचे व्याज किंवा म्युच्युअल फंडातला नफा ही काही कारखान्याची कमाई नव्हे. कंपनीने स्वतः छापलेला एबिटा तुमच्या आकड्यापेक्षा जास्त निघाला, तर पहिला संशय इथेच घ्यावा.

आता ही रेषा मारावीशी का वाटली, ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. नाशिकजवळ द्राक्षांसाठी दोन कोल्ड स्टोरेज आहेत असे समजा. आकार एक, यंत्रे एकाच बनावटीची, गिऱ्हाईक सारखेच. प्रत्येकाच्या उभारणीला दहा कोटी लागले. दोघांचे वर्षाचे भाडे-उत्पन्न चार कोटी. वीज, मजुरी, देखभाल, विमा मिळून खर्च दोन कोटी वीस लाख. दोघांचा एबिटा एक कोटी ऐंशी लाख. घसारा दोघांचाही वर्षाला पन्नास लाख धरू.

पहिल्या मालकाने वडिलोपार्जित जमीन विकून सगळे पैसे स्वतःचे घातले. त्याचा करपूर्व नफा एक कोटी तीस लाख. दुसऱ्याने साडेसात कोटी बँकेकडून ११ टक्क्यांनी घेतले. पहिल्या वर्षी त्याचे व्याज साडेब्याऐंशी लाख आणि करपूर्व नफा जेमतेम साडेसत्तेचाळीस लाख. नुसता नफा पाहणारा म्हणेल की पहिल्याला धंदा कळतो, दुसऱ्याला कळत नाही. हे साफ चूक आहे. खोल्या दोघांच्याही तितक्याच भरतात, वीज दोघेही तितकीच जाळतात. फरक आहे तो फक्त पैसा कुठून आला याचा. तसाच फरक घसारा मोजण्याच्या पद्धतीने पडू शकतो, किंवा एकाला करसवलत मिळाली आणि दुसऱ्याला नाही यानेही पडू शकतो. विश्लेषकाला वेगवेगळ्या राज्यांतले, देशांतले, वेगवेगळ्या वयाचे वीस धंदे एका रांगेत उभे करायचे असतात. त्या कामाला एबिटा चांगला उपयोगी पडतो.

त्याचा दुसरा, माझ्या मते अधिक खरा, उपयोग धंदा विकत घेणाऱ्याला होतो. घेणारा जुने कर्ज फेडून टाकणार असतो, नवे आपल्या अटींवर काढणार असतो. विकणाऱ्याने कर्ज किती काढले होते याच्याशी त्याला कर्तव्य नसते; हा कारखाना वर्षाला किती कमावून देतो एवढेच त्याला हवे असते. म्हणून एबिटाच्या इतक्या पट अशी किंमत ठरते. आपल्या दोन्ही कोल्ड स्टोरेजची किंमत कोणी आठ पट धरली, तर प्रत्येकाची चौदा कोटी चाळीस लाख होते. पण हा भाव वास्तूचा झाला. पहिल्या मालकाच्या हातात सगळे चौदा कोटी चाळीस लाख पडतील. दुसऱ्याला आधी बँकेचे साडेसात कोटी चुकते करावे लागतील, त्याच्या हाती सहा कोटी नव्वद लाख राहतील. एबिटाला पटीने गुणल्यावर जे येते ते कर्जासकट पूर्ण उद्योगाचे मूल्य. त्यातून कर्ज वजा केल्यावर जे उरते तेच भागधारकांचे. शेअर स्वस्त आहे की महाग, यावरच्या गप्पांत हे दुसरे पाऊल सर्रास गाळले जाते.

दिवाळखोरी संहितेखाली एखादी कंपनी विक्रीला निघते तेव्हाही हेच चालते. एस्सार स्टीलसाठी आर्सेलरमित्तलने सुमारे ४२,००० कोटी मोजले आणि डिसेंबर २०१९ मध्ये हजिरा प्रकल्प ताब्यात घेतला. कर्जाच्या ओझ्याखाली नफा उरला नव्हता, पण भट्ट्यांतून पोलाद निघत होते आणि त्याची कमाई होती. त्या कमाईला किंमत मिळाली. ती गेली धनकोंकडे. धंदा जगण्याच्या लायकीचा असणे आणि त्याचा जुना मालक तरणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि एबिटा फक्त पहिलीबद्दल बोलतो.

हे मोजमाप मोठे केले अमेरिकेतल्या केबल टीव्हीच्या धंद्याने. टेलि-कम्युनिकेशन्स इन्कॉर्पोरेटेड म्हणजे टीसीआय ही कंपनी जॉन मलोन १९७० च्या दशकापासून चालवत होते. केबल टाकायला प्रचंड कर्ज लागे, टाकलेल्या केबलचा घसाराही प्रचंड. त्यामुळे कागदावर नफा दिसत नसे आणि करही फारसा भरावा लागत नसे. पण वर्गणी दर महिन्याला येतच असे. मलोन यांनी धनको आणि गुंतवणूकदार यांची नजर निव्वळ नफ्यावरून या रोख कमाईकडे वळवली. पुढे १९८० च्या दशकात कर्ज काढून कंपन्या विकत घेणाऱ्यांनी हेच माप उचलले, कारण त्यांचा प्रश्नच ‘या कंपनीवर आणखी किती कर्ज लादता येईल’ हा होता. थोडक्यात, ज्यांना कर्ज काढायचे होते त्यांनी हे माप रुजवले. ते कर्जाकडे कानाडोळा करते यात नवल ते काय!

परत नाशिकला येऊ. दुसऱ्या मालकाला बँकेचे मुद्दल दरवर्षी एक कोटी फेडायचे आहे. आता त्याच्या एका वर्षाची रोकड मोजा. हातात आले एक कोटी ऐंशी लाख. व्याज साडेब्याऐंशी लाख, मुद्दल एक कोटी, कर अंदाजे बारा लाख. बेरीज होते एक कोटी साडेचौऱ्याण्णव लाख. साडेचौदा लाखांचा खड्डा पडला, आणि अजून कॉम्प्रेसर बदलायला एक रुपयाही खर्च झालेला नाही. एबिटाचे प्रमाण ४५ टक्के, नफाही दिसतो आहे, आणि तरी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात हा गृहस्थ मेहुण्याकडे उसने मागायला गेलेला असेल. मुद्दलाची परतफेड तर नफा-तोटा पत्रकात कुठेच येत नाही, रेषेच्या वरही नाही आणि खालीही नाही. ती फक्त रोखप्रवाह पत्रकात दिसते.

कर्जबाजारी कंपनीला एबिटा झुकते माप देतो असे टीकाकार म्हणतात, त्याचे मूळ मात्र याच्याही पुढे आहे. समजा याच मालकाने शेजारचे एक जुने कोल्ड स्टोरेज चार कोटींना घेतले, सगळेच्या सगळे नव्या कर्जाने, त्याच ११ टक्के दराने. त्या वास्तूचा एबिटा वर्षाला चाळीस लाख. व्याज चव्वेचाळीस लाख. म्हणजे व्यवहार पहिल्या दिवसापासून आतबट्ट्याचा, कारण कमाईतून व्याजसुद्धा सुटत नाही. त्यात तिचा घसारा वीस लाख धरला तर मालकाचा करपूर्व नफा साडेसत्तेचाळीस लाखांवरून साडेतेवीस लाखांवर येतो, निम्मा होतो. पण एबिटा? तो एक कोटी ऐंशीवरून दोन कोटी वीस लाख झाला. वाढ बावीस टक्के. कंपनी मोठी असती तर या वाढीचा रंगीत स्तंभालेख गुंतवणूकदारांच्या सादरीकरणात पहिल्याच पानावर आला असता.

कर्ज काढून घेतलेली वस्तू जे कमावते ते रेषेच्या वर दिसते आणि त्या कर्जाची किंमत रेषेच्या खाली जाते. म्हणून कर्जाने केलेली कुठलीही खरेदी, ती कितीही महागात पडली तरी, जोवर तिची दैनंदिन कमाई शून्याच्या वर आहे तोवर एबिटा वाढवतेच. ऋण काढून सण केला तर या वहीत फक्त सणाची नोंद होते. व्यवस्थापनाचा बोनस एबिटावर बांधलेला असेल, तर कर्ज काढून खरेदी करत सुटण्याला ते आमंत्रणच ठरते. वार्षिक अहवालात वरिष्ठांच्या मोबदल्याचे निकष दिले असतील तर तो भाग म्हणूनच चाळून पाहावा.

अशा वेळी एबिटाची वाढ न पाहता कर्ज एबिटाच्या किती पट आहे ते पाहावे. आपल्या मालकाचे कर्ज आधी एबिटाच्या ४.२ पट होते. खरेदीनंतर साडेअकरा कोटी भागिले दोन कोटी वीस लाख, म्हणजे ५.२ पट झाले. एबिटा वाढला आणि ही पटही वाढली, तर वाढ विकत आणलेली आहे हे उघड होते.

आता व्होडाफोन आयडियाकडे वळू, कारण तिथे हे सगळे राक्षसी आकारात पाहायला मिळते. दूरसंचार कंपनीचा कच्चा माल म्हणजे स्पेक्ट्रम. पिठाच्या गिरणीला जसे धान्य तसे. मात्र तो सरकारकडून लिलावात वीस वर्षांसाठी घेतला जातो आणि पैसे हप्त्याने दिले जातात. २०२२ च्या लिलावात या कंपनीने सुमारे १८,८०० कोटींचा स्पेक्ट्रम घेतला. वीस समान वार्षिक हप्ते, प्रत्येक सुमारे १,६८० कोटींचा. हिशेबात या हप्त्याचे दोन तुकडे होतात. स्पेक्ट्रमची किंमत निर्लेखनात जाते आणि थकलेल्या रकमेवरचा आकार व्याजात. दोन्ही रेषेखाली. एबिटाच्या नजरेने पाहिले तर गिरणीला धान्य फुकट मिळाले.

गंमत अशी की याच हक्काचा मोबदला पूर्वी काही अंशी निराळ्या वाटेने दिला जाई. महसुलाच्या ठरावीक टक्क्यांनी स्पेक्ट्रम वापर शुल्क भरावे लागे, आणि ते चालू खर्चात, म्हणजे रेषेच्या वर येई. सप्टेंबर २०२१ च्या सुधारणांत सरकारने ठरवले की यापुढच्या लिलावांतल्या स्पेक्ट्रमवर हे शुल्क नसेल. धोरण म्हणून ते योग्यच असेल. पण वाचणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे, की लहरींची किंमत वापरानुसार दिली तर एबिटा घटतो आणि लिलावात एकरकमी बोलून हप्त्याने दिली तर एबिटाला तिचा पत्ताही लागत नाही.

याहून बोलके उदाहरण समायोजित सकल महसुलाच्या थकबाकीचे. परवाना शुल्क महसुलाच्या आठ टक्के, पण कुठल्या महसुलाच्या यावर कंपन्या आणि सरकार यांच्यात वर्षानुवर्षे वाद चालला. २४ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारच्या बाजूने निकाल दिला. व्होडाफोन आयडियाने त्या वर्षीच्या जुलै-सप्टेंबर तिमाहीत ५०,९२२ कोटी रुपयांचा तोटा नोंदवला, तोवरच्या भारतीय उद्योगातला सर्वांत मोठा तिमाही तोटा. त्याच तिमाहीत एबिटा मात्र शून्याच्या वरच होता. कारण थकबाकीची तरतूद बहुतांशी ‘अपवादात्मक बाब’ म्हणून दाखवली गेली, आणि अपवादात्मक बाबी एबिटाच्या बाहेर असतात. थोडे थांबून विचार करा. परवाना शुल्क हा खरे तर दर तिमाहीचा चालू खर्च. वेळच्या वेळी पूर्ण भरला असता तर प्रत्येक वर्षाचा एबिटा तेवढ्याने कमी झाला असता. न भरल्यामुळे त्या वर्षांचे एबिटा फुगलेले राहिले. आणि जेव्हा सगळे एकदम द्यायची वेळ आली तेव्हा ते ज्या वर्षात नोंदले त्याच्याही एबिटाला धक्का लागला नाही. मूळ रकमेवरचे व्याज, दंड, दंडावरचे व्याज हे तर वेगळेच.

आता तिसरा खर्च, भाड्याचा. १ एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे इंड-एएस ११६ हे मानक लागू झाले. त्याआधी मनोऱ्याचे भाडे, दुकानाचे भाडे हा साधा खर्च होता. आता दीर्घ मुदतीच्या भाड्याच्या कराराला कर्जासारखे धरतात. भाडे म्हणून वेगळी ओळ उरत नाही, तिचे घसारा आणि व्याज असे दोन भाग होतात. भाडे तितकेच, घरमालक तोच, धनादेशही तोच, पण भाडे रेषेच्या वरून उचलून खाली ठेवले गेले. दुकानांच्या साखळ्या, मल्टिप्लेक्स, विमान कंपन्या, दूरसंचार अशा सगळ्यांचे एबिटा त्या वर्षी एका झटक्यात वाढले. २०१८-१९ ची २०१९-२० शी तुलना करणाऱ्या कित्येकांना ती कर्तबगारी वाटली होती.

व्होडाफोन आयडिया याबाबत प्रामाणिक आहे. ती जुन्या पद्धतीचा, म्हणजे भाडे वजा केलेला, एबिटाही छापते आणि त्याला रोख एबिटा म्हणते. २०२३-२४ साठी तो सुमारे ८,४०० कोटी होता. म्हणजे १७,१०० कोटींतले जवळजवळ निम्मे हे मुळात भाडे होते. चाळीस टक्क्यांचे ते हेवा वाटणारे प्रमाण वीस टक्क्यांच्या आत आले. आता समोर ठेवा मार्च २०२४ अखेरचे सरकारी देणे : स्पेक्ट्रमचे हप्ते आणि थकबाकी मिळून सुमारे २,०३,४०० कोटी. भागाकार केला तर रोख एबिटाच्या चोवीस पट. व्याज एक पैसाही नाही, कर नाही, नव्या यंत्रांवर खर्च नाही, असे सगळे सोडून दिले तरी चोवीस वर्षे लागतील. ज्या स्पेक्ट्रमसाठी हे देणे झाले तो वीस वर्षांनी परत जाणार!

हाच भागाकार मोठ्या एबिटाने केला तर उत्तर बारा येते आणि निम्मे काळजीचे वाटते. इथे एक नियम पाळावा. छेदात भाडे वजा न केलेला एबिटा घ्यायचा असेल, तर अंशात भाड्याची देणीही मिळवा. भाडे कर्ज म्हणून मोजायचे नसेल, तर ते एबिटातून वजा करा. सादरीकरणांत पुष्कळदा अंश एका पद्धतीचा आणि छेद दुसऱ्या पद्धतीचा असतो. मुद्दाम असे असेलच असे नाही, पण चूक नेहमी कंपनीला सोयीच्या बाजूनेच होते, एवढे मी पाहत आलो आहे.

बाकी हिशेब पुरा करू. १७,१०० कोटींतून सुमारे २२,६०० कोटींचा घसारा-निर्लेखन आणि सुमारे २५,७५० कोटींचे व्याज गेले, किरकोळ नोंदी इकडेतिकडे झाल्या, आणि उरला तो सुरुवातीचा ३१,२३८ कोटींचा तोटा. यातले बरेचसे व्याज त्या वर्षी रोखीने दिलेच नव्हते, कारण सरकारने २०२१ मध्ये चार वर्षांची सवलत दिली होती. ते देण्यात साठत गेले. कंपनी चालू राहिली ती एबिटामुळे थोडी आणि या सवलतीमुळे जास्त. फेब्रुवारी २०२३ मध्ये १६,१३३ कोटींच्या व्याजाचे आणि एप्रिल २०२५ मध्ये आणखी ३६,९५० कोटींच्या देण्याचे शेअर झाले, आणि सरकारचा हिस्सा ४९ टक्क्यांच्या आसपास गेला. रेषेखाली ढकललेला खर्च भागधारकाने शेवटी या रूपात भरला. त्याच्या हातातले शेअर तितकेच राहिले, पण कंपनीतला त्याचा वाटा आक्रसला.

घसारा हा ‘कागदी’ खर्च आहे, खिशातून काही जात नाही, असा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. वॉरन बफे आणि चार्ली मंगर यांचा या मापावरचा राग मुख्यतः याच वाक्यावर राहिला. यंत्राचे पैसे आधीच गेलेले असतात, घसारा म्हणजे त्या जुन्या खर्चाची आठवण. आणि यंत्र झिजले की पुन्हा जाणार असतात. सॉफ्टवेअर कंपनीत हा मुद्दा सौम्य असतो, पण पोलाद, सिमेंट, विमान, दूरसंचार या धंद्यांत तोच सर्वस्व असतो. २०२३-२४ मध्ये व्होडाफोन आयडियाचा भांडवली खर्च जेमतेम १,८५० कोटी होता. ऑगस्ट २०१८ मध्ये विलीनीकरण झाले तेव्हा चाळीस कोटींच्या वर असलेले ग्राहक तोवर एकवीस कोटींवर आले होते. जाळ्यावर खर्च न केल्याने एबिटा घटत नाही, निदान त्या वर्षी तरी नाही. ग्राहक कंटाळून निघून जातात तेव्हा तो घटतो, पण तोवर काही वर्षे उलटलेली असतात.

रेषा कायदेशीर मार्गाने सरकते तशी बेकायदाही सरकवता येते. अमेरिकेतल्या वर्ल्डकॉमने दुसऱ्या कंपन्यांच्या तारा वापरण्याचे भाडे, म्हणजे निखळ चालू खर्च, मालमत्ता म्हणून नोंदवले. खर्च झाला मालमत्ता, मालमत्तेचा होतो घसारा, आणि घसारा एबिटाच्या खाली. कंपनीच्याच अंतर्गत लेखापरीक्षक सिंथिया कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे शोधले. जून २००२ मध्ये कंपनीने कबूल केले ते पाच तिमाहींतले सुमारे ३८० कोटी डॉलर. पुढच्या महिन्यात दिवाळखोरी. एबिटाकडेच डोळे लावून बसलेल्या बाजारात अशा फेरफाराचे फळ दुहेरी मिळते, नफाही वाढतो आणि एबिटाही. असे काही चालले असेल तर त्याची खूण बाहेरूनही दिसू शकते. धंदा फारसा न वाढता मालमत्ता फुगत जाते, आणि एबिटा वाढत असताना भांडवली खर्च वजा केल्यावर हातात काहीच उरत नाही.

कार्यालयांच्या जागा भाड्याने देणाऱ्या वीवर्कने २०१८ मध्ये कर्जरोखे विकताना एबिटातून जाहिरात, प्रशासन, नव्या जागांचा विकास असेही खर्च काढून टाकून एक ‘समुदाय समायोजित’ एबिटा काढला होता. २०१७ चा तोटा सुमारे ९० कोटी डॉलर, आणि हा आकडा मात्र अधिक २३ कोटी. हसू येते खरे, पण आपल्याकडच्या ‘समायोजित’ एबिटाच्या तळटिपाही एकदा वाचून पाहा. कर्मचाऱ्यांना दिलेल्या शेअरचा खर्च, नव्या शाखांचा सुरुवातीचा तोटा, ‘एकवेळचा’ पुनर्रचना खर्च. एकवेळचा खर्च सलग तिसऱ्या वर्षी दिसला तर तो एकवेळचा नव्हे.

मग तुम्ही स्वतः काय करायचे? एबिटा काढा, हरकत नाही. मग रोखप्रवाह पत्रक उघडा आणि त्यातल्या चार ओळींवर बोट ठेवा : मालमत्ता खरेदीवर गेलेली रोकड, दिलेले व्याज, भाडे-करारांच्या देण्याची परतफेड, आणि भरलेला कर. या चारही एबिटातून वजा करा. जे उरेल त्यातूनच मुद्दल फेडले जाणार आहे. हा आकडा तीन-चार वर्षे सतत उणे असेल आणि एबिटा मात्र दिमाखात वाढत असेल, तर कंपनी नवे कर्ज काढून जुने फेडते आहे किंवा नवे शेअर विकते आहे. कर्जउभारणीच्या ओळीत ते लगेच सापडेल. यंत्रांवर दरवर्षी सारखाच खर्च होत नाही, म्हणून एका वर्षावरून निष्कर्ष काढू नका. नवा कारखाना उभारणाऱ्या चांगल्या कंपनीचाही हा आकडा दोन वर्षे उणे असू शकतो.

व्याजाच्या ओळीबाबत एक बारकावा. रोखप्रवाहात दिलेले व्याज नफा-तोटा पत्रकातल्या वित्तीय खर्चाहून बरेच जास्त दिसले, तर प्रकल्प उभारणीच्या काळातले व्याज मालमत्तेच्या किमतीत मिळवले जाते आहे का ते टिपांमध्ये पाहा. मानकांनुसार ते चालते. पण ते व्याज पुढे घसारा बनून बाहेर येते, म्हणजे व्याज म्हणून ते कधी दिसतच नाही. उलट, वित्तीय खर्च मोठा आणि दिलेले व्याज किरकोळ असेल, तर व्याज साठते आहे, आणि कोणी सवलत दिली व ती कधी संपते हा पुढचा प्रश्न. व्होडाफोन आयडियाच्या अहवालात हे दुसरे चित्र वर्षानुवर्षे दिसत होते.

बँका आणि वित्तसंस्थांना मात्र यातले काही लावू नका. त्यांच्यासाठी व्याज हाच कच्चा माल, तो वगळून काढलेली कमाई म्हणजे कापसाची किंमत वगळून काढलेला सूतगिरणीचा नफा. तरीही एखाद्या बिगरबँक वित्तसंस्थेच्या माहितीपत्रकात एबिटाचे प्रमाण ठळक छापलेले सापडते. सापडले, तर ते कोणी आणि कशासाठी छापले असेल याचा विचार पैसे गुंतवण्याआधी जरूर करा.